कापूस वेचणीच्या माहितीपटाची निर्मिती डायरी : प्रकल्प नोंदी

आमच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी आठ मिनिटांचा माहितीपट करावा लागतो आणि त्याच्या १०० गुणांपैकी २५ गुण निर्मिती डायरीला असतात. माहितीपट चौघांचा असतो, पण डायरी ज्याची त्याला स्वतंत्रपणे ठेवावी लागते, कारण चौघांच्या कामातून एकेकाचे काम वेगळे काढून पाहण्याचे परीक्षकांकडे दुसरे साधन नसते. आमचा विषय होता वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील एका गावातल्या कापूस वेचणाऱ्या स्त्रियांचा एक दिवस. माझ्याकडे कॅमेरा होता. पुढच्या वर्षी हेच काम करणाऱ्यांसाठी डायरीपुरत्या नोंदी येथे देत आहे. चित्रीकरणाचा बाकी तपशील जेथे डायरीशी संबंध येतो तेवढाच घेतला आहे.

३ नोव्हेंबर

डायरीसाठी संगणकावर चौदा रकान्यांचा तक्ता तयार केला. त्यात दृश्य, शॉट, टेक, लेन्स, छिद्र, शटर, आयएसओ, फिल्टर, हवामान, उपस्थिती, खर्च, अडचण, उपाय आणि शेरा एवढे रकाने होते. छपाईला ४० रुपये लागले आणि मांडणीत एक पूर्ण संध्याकाळ गेली. गावात पाहणीला गेलो तेव्हाच तो निरुपयोगी ठरला, कारण पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमध्ये उभे राहून, एका हातात ट्रायपॉड धरून चौदा रकाने भरणे कोणालाही शक्य नाही. शिवाय परीक्षकांना ज्याचे गुण द्यायचे असतात, म्हणजे निर्णय आणि त्याचे कारण, त्याला त्या तक्त्यात जागाच नव्हती. लेन्स आणि छिद्राची माहिती क्लिपबरोबर बऱ्याच अंशी आपोआप साठवली जाते. ती हाताने उतरवण्यात काही अर्थ नव्हता.

तक्ता सोडून दिला आणि खिशात मावेल अशी २५ रुपयांची वही घेतली.

९ नोव्हेंबर, चित्रीकरणाचा पहिला दिवस

सकाळी सातला शेतावर पोहोचलो. दव असल्यामुळे वेचणी नऊनंतर सुरू झाली. दुपारपर्यंत दोन कार्डे भरली. आमचा कॅमेरा १०० एमबीपीएसने चित्रित करतो, म्हणजे मिनिटाला सुमारे पाऊण जीबी. त्यामुळे ६४ जीबीचे कार्ड साधारण ८५ मिनिटे पुरते.

वही दिवसभर खिशातच राहिली. रात्री लिहू असे ठरवले, रात्री झोप आली आणि प्रत्यक्षात ही नोंद मी दुसऱ्या दिवशी पहाटे एसटीत लिहीत आहे. किती शॉट घेतले ते आठवते, पण बांधावरचा लांबचा शॉट कोणी सुचवला, मी की दिग्दर्शन करणाऱ्या मैत्रिणीने, ते आत्ताच आठवेनासे झाले आहे. तेवढ्यापुरती जागा कोरी सोडली आहे.

१० नोव्हेंबर, दुसरा दिवस

आज दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींनी डायरीची पद्धत बदलली.

पहिली गोष्ट सकाळची. ज्या मावशींच्या मागे आम्ही आहोत त्यांचा हात बोंडावर जातो आणि चार पाकळ्यांतला कापूस एकाच ओढीत बाहेर येतो, तो जवळचा शॉट हवा होता. पहिल्या वेळी फोकस चुकला. मी त्यांना त्याच झाडाशी पुन्हा हात न्यायला सांगितले. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाप्पा, एकच झाड दोनदा कोनी वेचते काय? मले किलोवर पैसे भेटते, फोटूवर नाई." त्यांचे म्हणणे बरोबर होते. पुन्हा करायला लावलेला प्रत्येक शॉट त्यांच्या मजुरीतून जात होता आणि आमच्या अंदाजपत्रकात त्याचा कोठेच विचार नव्हता. बाजूला होऊन चौघांनी दहा मिनिटे चर्चा केली. दिग्दर्शिकेचे मत होते की दुसऱ्या स्त्रीचे हात घेऊन जोडावेत. मी त्याला नकार दिला, कारण मावशींच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे आणि ती आधीच्या सगळ्या शॉटमध्ये दिसते. शेवटी असे ठरले की पुन्हा करायला सांगायचे नाही, कॅमेरा एक झाड पुढे लावून थांबायचे आणि त्या आपल्या वेगाने तेथे येतील तेव्हा टिपायचे. सकाळच्या खोळंब्यासाठी त्यांना तीन किलोची मजुरी दिली. निर्मिती व्यवस्था आणि संकलन पाहणाऱ्या मित्राने ती रक्कम "कलाकार मानधन" म्हणून लिहायला घेतली होती. आम्ही "वेचणीच्या खोळंब्याची भरपाई" असे लिहिले, कारण ते तसेच होते.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. शेताच्या कडेला बाभळीच्या फांदीला काटा टांगून वेचलेला कापूस मोजतात. एकेका बाईचे गाठोडे काट्याला लागते, शेतमालक आकडा मोठ्याने वाचतात, ती बाई मान वर करून काट्याकडे पाहते आणि मगच आकडा वहीत जातो. गाठोडे खाली उतरेपर्यंत दुसरे वर चढत नाही. मी त्यांना विचारले की सगळे मोजून झाल्यावर एकदम का लिहीत नाही. ते म्हणाले, "आठवून लिवलं का भांडन होते."

त्या रात्रीपासून मी नोंदीचे दोन भाग केले. शेतात, शॉट संपताच, वहीत एकच ओळ: वेळ, क्लिपचा क्रमांक, काय अडले, कोणी काय ठरवले. मुक्कामी पोहोचल्यावर, जेवणाआधी, त्यातल्या फक्त दोन किंवा तीन ओळी निवडून त्यांचा विस्तार. सगळ्यांचा विस्तार करायचा नाही. ज्या ठिकाणी दोन मार्ग समोर होते आणि त्यातला एक घेतला, तेवढेच लिहायचे. आज या कामाला २५ मिनिटे लागली.

११ नोव्हेंबर

शूट नव्हते. दोन दिवसांचे फुटेज हार्ड डिस्कवर उतरवून वहीतल्या क्रमांकांशी ताडायला बसले आणि पाच तास गेले.

वहीत काल लिहिले होते, "C0012, बोंडाचा जवळचा शॉट, हाच वापरायचा." डिस्कवर मात्र C0012.MP4 नावाच्या तीन फाइली निघाल्या. आमचा कॅमेरा कार्ड फॉरमॅट केले की क्रमांक पुन्हा C0001 पासून सुरू करतो, कारण मेनूमध्ये क्रमांक पुढे चालू ठेवण्याचा पर्याय निवडलेला नव्हता. मी दर सकाळी आणि दर कार्डाला फॉरमॅट करत होते. तारखेवरून वेगळे करावे म्हटले तर कॅमेऱ्याचे घड्याळही चुकीचे होते. बरेच दिवस बॅटरीविना कपाटात पडून राहिल्याने ते १ जानेवारीवर गेले होते आणि कॅमेरा ताब्यात घेताना मी ते पाहिले नव्हते. भर म्हणजे फोल्डरांची नावे आम्ही "नवीन" आणि "नवीन २" अशी दिली होती.

शेवटी कपड्यांनी वाचवले. वेचणीला जाताना बायका पातळावर पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, म्हणजे पराटीच्या काड्या हाताला ओरबाडत नाहीत. पहिल्या दिवशी मावशींचा शर्ट चौकड्यांचा होता आणि दुसऱ्या दिवशी निळा. त्यावरून दिवस ठरला. एकाच दिवसाच्या दोन कार्डांतला क्रम मात्र ओटीत किती कापूस साठला आहे ते पाहून लावला. तीन क्लिप तरीही निश्चित लागल्या नाहीत. डायरीत त्यांच्यापुढे तसे लिहिले आहे.

आता केलेली व्यवस्था अशी. कार्डांवर चिकटपट्टी लावून अ आणि ब लिहिले. कार्ड जितक्यांदा भरते तितका त्याचा फेरा, म्हणजे अ कार्ड दुसऱ्यांदा भरले की ते A02. फोल्डरला तेच नाव आणि वहीत पूर्ण उल्लेख असा:

```
A02_C0012
B01_C0007
```

कार्डावरच्या मूळ फाइलींची नावे बदलायची नाहीत. फोल्डर जसेच्या तसे उतरवून, दुसऱ्या डिस्कवर प्रत करून, मगच कार्ड फॉरमॅट करायचे. घड्याळ लावले. आवाज रेकॉर्ड करणाऱ्या मित्राच्या यंत्राचे घड्याळही मिळवून घेतले. ते माझ्या फोनच्या सात मिनिटे मागे होते.

१४ नोव्हेंबर

मार्गदर्शक मॅडमना आतापर्यंतची डायरी दाखवली. त्यांनी पहिल्या चार पानांवर पेन्सिलने एकच शब्द तीन वेळा लिहिला होता: "कोणी?" दहा तारखेची एक्स्पोजरची माझी नोंद अशी होती: "कडक उन्हामुळे एक्स्पोजरचा त्रास झाला. नंतर जमले. शॉट चांगले आले." मॅडम म्हणाल्या, "हे गावातल्या कोणत्याही लग्नाच्या फोटोग्राफरला लिहिता येईल. यात तू कुठे आहेस ते मला सापडत नाही."

मला ती नोंद पुसून नव्याने लिहायची होती. त्यांनी नको म्हणून सांगितले. जुनी नोंद तशीच राहू द्यायची आणि खाली आजची तारीख टाकून पुरवणी लिहायची, म्हणजे काय तेव्हा कळले होते आणि काय नंतर, हे वाचणाऱ्याला दिसते. सगळी पाने एकाच शाईत, एकाच सुरात आणि एकाच शहाणपणाने लिहिलेली असली की डायरी शेवटच्या आठवड्यात बसून लिहिली आहे हे पहिल्याच पानावर ओळखू येते, असेही त्या म्हणाल्या. पुरवणी येथे पूर्ण देते, कारण मला गुण मिळाले ते बहुतेक अशाच नोंदींवर.

"पुरवणी, १४ नोव्हेंबर. A02_C0014, सकाळी १०.४०: मावशींचा चेहरा नीट दिसेल असे एक्स्पोजर मी ठेवले. चेहरा आला, पण बोंडातला कापूस सपाट पांढरा झाला आणि त्याचे तंतू दिसेनासे झाले. आमच्या कॅमेऱ्यात एकदा पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर रंगदुरुस्तीत परत आणता येत नाही, कारण तेथे माहितीच नोंदलेली नसते; अंधारलेला भाग थोडा उजळता येतो, मात्र त्यात दाणे दिसू लागतात. म्हणून A02_C0015 मध्ये छिद्र दीड स्टॉपने लहान करून कापूस वाचवला. आता चेहरा काळवंडला. A02_C0016 मध्ये तेच एक्स्पोजर ठेवून ध्वनी सांभाळणाऱ्या मित्राला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून मावशींच्या चेहऱ्यावर ऊन परतवायला सांगितले. चेहरा पुरेसा उजळला. परंतु मावशींनी डोळे बारीक केले आणि एकदा पत्र्याकडे पाहिले. पुढच्या शॉटपासून पत्रा अधिक दूर आणि कमरेच्या उंचीवर धरला. छिद्राचा आणि पत्र्याचा निर्णय माझा, पत्रा खाली धरण्याची सूचना दिग्दर्शिकेची. राहिलेली उणीव: C0016 मध्ये हनुवटीखालून प्रकाश येतो आणि शेतात तो खोटा वाटतो."

थर्माकोल ६० रुपयांना पडला. या एका परिच्छेदाला चाळीस मिनिटे लागली. दहा तारखेलाच लिहिला असता तर दहा पुरली असती, आणि तीनही क्लिप पुन्हा पाहाव्या लागल्या नसत्या.

१६ नोव्हेंबर, तिसरा दिवस

संध्याकाळी मावशींच्या घरी चूल आणि जेवणाचे दृश्य होते. घरात एकच ट्यूबलाइट. B03_C0003 ते C0009 या सगळ्या क्लिपमध्ये भिंतीवर आडवे, फिकट काळे पट्टे आले, जे जवळजवळ स्थिर राहून हळूहळू सरकतात. छोट्या पडद्यावर मला ते दिसले नाहीत. मुक्कामी लॅपटॉपवर दिसले. कारण शोधायला वेळ लागला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. शटर १/५० असेल तर प्रत्येक चौकटीत बरोबर दोन उजळण्या येतात आणि पट्टे पडत नाहीत. माझे शटर १/६० वर होते. शेतातून घरात येताना चक्री हाताला लागून सरकली असावी.

आधी मी लिहिले होते, "ट्यूबलाइटमुळे फुटेज खराब झाले." मग ते खोडले आणि खोडलेले दिसू दिले. ट्यूबलाइटने काहीच केलेले नव्हते. नवी नोंद: "घरात शिरल्यावर मी शटर तपासले नाही. सात क्लिप गेल्या. उद्या संध्याकाळी पुन्हा जाणार. मावशींना सांगितले आहे. जेवण त्या रोजच करतात, त्यामुळे त्यांचे नुकसान नाही, आमचा मुक्काम एक दिवसाने वाढला. जादा खर्च: चौघांचे जेवण आणि प्रवास मिळून ५२० रुपये." सतरा तारखेला पुन्हा गेलो, शटर १/५० ठेवले, पट्टे आले नाहीत. वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने "घर = १/५०" असे लिहून ठेवले आहे.

१९ नोव्हेंबर

ध्वनी सांभाळणाऱ्या मित्राचे आणि माझे आज चांगलेच वाजले. शेतमालकांच्या मुलाखतीच्या मागे विहिरीवरचा पंप चालू होता. कृषिपंपाची वीज ठरावीक तासांतच येते आणि ती आली की ओलित थांबवा असे कोणाला सांगता येत नाही. माझा आग्रह विहिरीजवळच्या चौकटीचा होता, त्याचा आग्रह शंभर पावले दूर जाण्याचा. मी हटले नाही. आवाज खराब आला.

रात्रीच्या नोंदीचा पहिला मसुदा म्हणजे नुसती तक्रार होती: तो नेहमीच ऐनवेळी अडचणी सांगतो, वगैरे. सुदैवाने मी ते कच्च्या वहीत लिहिले होते. परीक्षक चौघांच्या डायऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचतात. तेथे त्याच्या डायरीत त्याच वेळेची "पंपाचा आवाज, जागा बदलण्याची सूचना केली, मान्य झाली नाही" अशी एक ओळ असणार आणि माझ्या पानावर स्वभाववर्णन. शेवटी अशी नोंद केली: "A04_C0002. त्याने जागा बदलण्याची सूचना केली होती, ती मी मानली नाही. चौकट हवी तशी मिळाली, बोलणे स्पष्ट नाही. उपाय: दिग्दर्शिकेने ठरवल्याप्रमाणे मुलाखत वीज गेल्यावर त्याच जागी फक्त ध्वनी स्वरूपात पुन्हा घेतली आणि त्या जागेची तीस सेकंदांची शांतताही रेकॉर्ड केली. विहिरीजवळचे चित्र त्या आवाजावर ठेवता येईल, परंतु बोलताना ओठ दिसतील असा भाग वापरता येणार नाही."

त्याला ती वाचून दाखवली. तो म्हणाला, "हाव, असंच झालं." मग दोघांनी चहा घेतला.

२७ नोव्हेंबर

संकलनाच्या वेळी डायरीचा खरा उपयोग झाला. संकलन करणाऱ्या मित्राने सांगितले की वहीतल्या "वापरायचा" अशा खुणा केलेल्या २६ क्लिपपैकी १५ त्याने पहिल्या जुळणीतच घेतल्या. माझी एक नोंद मात्र खोटी निघाली. बांधावरचा लांबचा शॉट "कापूस मोजण्याच्या दृश्याची सुरुवात म्हणून घेतला" असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात त्यातली सावली सकाळची आहे. आठवून लिहिलेल्या पहिल्या दिवसाचीच ती नोंद होती. खाली दुरुस्ती केली.

५ डिसेंबर

डायरी सादर केली. हस्तलिखित ४१ पाने, सोबत १८ स्थिर चौकटी, प्रत्येकीखाली क्लिपचा क्रमांक. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी संगणकावर A02 उघडून C0014, C0015 आणि C0016 एकामागोमाग पाहिल्या आणि विचारले की आज पुन्हा करायचे झाले तर काय कराल. मी म्हणाले की कडक ऊन टाळून सकाळी नऊच्या आत तो शॉट घेईन, तेव्हा पत्र्याची गरज पडणार नाही. त्यांनी लगेच विचारले की नऊच्या आत दव असते, मग वेचणी कोठे असते. ते मी स्वतःच पहिल्या दिवशी लिहिले होते. २५ पैकी २१ मिळाले.

१२ डिसेंबर

पोर्टफोलिओसाठी वेगळी प्रत करायला घेतली आणि मूळ डायरी तशी देता येत नाही हे पहिल्याच पानावर कळले. तिच्यात मावशींचे पूर्ण नाव आहे, शेतमालकांचा फोन आहे, मजुरीचे हिशेब आहेत आणि पंपाचे भांडण आहे. आमच्या संमतीपत्रावर "महाविद्यालयीन प्रकल्पासाठी" एवढेच लिहिलेले होते. काम मागायला जाताना त्यांच्या घरातल्या चुलीचे चित्र कोणालाही दाखवण्याची परवानगी त्यात येत नाही. हे पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत विचारून घेता आले असते.

१५ डिसेंबर

एसटीने पुन्हा गावी गेले. मावशींना लॅपटॉपवर सगळ्या अठरा चौकटी दाखवल्या, कारण न दाखवता घेतलेल्या अंगठ्याला काही अर्थ नाही. शेतातल्या चौकटींना त्यांनी लगेच होकार दिला. घरातल्या चार पाहून सून आतून बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, ह्या नोका टाकू. माहेरचे पाहाले भेटले तर काय म्हनतील, भिंत अशी काळी." चारही काढल्या. त्यातली एक माझी सगळ्यात चांगली चौकट होती.

१८ डिसेंबर

पोर्टफोलिओची प्रत सहा पानांची झाली. तीन निर्णय घेतले आहेत: कॅमेरा एक झाड पुढे लावून थांबणे, कापूस की चेहरा, आणि विहिरीजवळची मुलाखत. ट्यूबलाइटचे प्रकरण चित्राविना, तीन ओळींत आहे. प्रत्येक ठिकाणी आधीची आणि नंतरची चौकट शेजारी ठेवून खाली मूळ नोंदीतलीच वाक्ये दिली आहेत, फक्त नावे काढून; भाषा सजवलेली नाही. मावशींच्या जागी "वेचणी करणारी स्त्री" असे आहे. चौघांची कामे पहिल्या पानावर वेगवेगळी लिहिली आहेत आणि ते पान बाकी तिघांना दाखवून घेतले. ध्वनीवाल्या मित्राने एक दुरुस्ती सांगितली: थर्माकोल त्याने धरला होता. तेही लिहिले.